महसुली म्हणजे वाया, भांडवली म्हणजे विकास? हिशेब तसा चालत नाही

«कर्नाटकाचं 2025-26 चं बजेट 4,09,549 कोटींचं. त्यात भांडवली खर्च फक्त 71,336 कोटी. बाकीचा सगळा महसुली, म्हणजे पगार, पेन्शन आणि फुकट वाटप, थोडक्यात वाया. जे बांधलं जातं ते भांडवली, आणि तेवढाच विकास. कॉमर्सच्या पोरांनी एवढं पाठ केलं तरी पुरे.»

असं म्हणणाऱ्याचे आकडे बरोबर आहेत, वजाबाकी चुकली आहे. एकूण रकमेतून 71,336 कोटी काढल्यावर उरतं ते सगळं महसुली नाही. अंदाजपत्रकात महसुली खर्च 3,11,739 कोटींचा आहे. उरलेले 26,474 कोटी म्हणजे जुन्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड, आणि मुद्दल फेडलं की राज्याचं देणं तेवढंच घटतं, म्हणून ती रक्कम भांडवली बाजूची असते. राज्य ती फक्त वेगळ्या ओळीत दाखवतं. त्याच कर्जाचं व्याज मात्र महसुली. व्याज भरल्यानं मालमत्ता आली नाही आणि देणंही कमी झालं नाही. परीक्षेत विचारली जाते ती कसोटी हीच: या खर्चानं सरकारची मालमत्ता वाढली का, किंवा सरकारचं देणं घटलं का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर खर्च महसुली. खर्च उपयोगी होता की नाही, हा प्रश्न या कसोटीत कुठेच येत नाही. गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या बाईला मिळणारे महिन्याला दोन हजार महसुली, आणि दवाखान्यातल्या नर्सचा पगारही महसुलीच. एकाच रकान्यात बसले म्हणून त्यांची किंमत एक होत नाही.

आता पगार-मजुरीचं पाहू. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीनं 20 लाखांचं यंत्र घेतलं असं धरा. वाहतूक 40 हजार, पाया घालायला 60 हजार, बसवणाऱ्या फिटरची मजुरी 30 हजार. जीएसटी बाजूला ठेवला तर यंत्र खात्याला 21 लाख 30 हजार नावे पडतात, फिटरच्या मजुरीसकट. पुढच्या वर्षी तोच फिटर सर्व्हिसिंगला आला, की त्याची मजुरी नफा-तोटा खात्यात जाते. माणूस एक, काम एक, पण पहिल्या वेळी मजुरी यंत्र उभं करायला लागली आणि दुसऱ्या वेळी ते चालू ठेवायला. सरकारी कामातही तसंच आहे. नवा रस्ता करताना खडी फोडणाऱ्यापासून रोलर चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची मजुरी त्या कामाच्या भांडवली खर्चातच धरली जाते.

फरक आहे तो पुढे. फौंड्री त्या यंत्रावर दरवर्षी घसारा लावते. सरकारचे हिशेब रोख पद्धतीचे, त्यात घसारा नाही. रस्त्याचे चार कोटी दिले त्या वर्षी चार कोटी लागले, आणि तो रस्ता दरवर्षी किती झिजला हे बजेटच्या कुठल्याच ओळीत दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली तिचाच उपयोग आहे.

बांधकाम झालं म्हणजे खर्च भांडवली, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे, आणि तो चुकतो तो मालकीच्या प्रश्नावर. समजा राज्य सरकारनं खानापूर तालुक्यातल्या एका ग्राम पंचायतीला सभागृहासाठी 30 लाखांचं अनुदान दिलं. सभागृह उभं राहिलं, फरशी बसली, वीज आली. राज्याच्या हिशेबात हे 30 लाख महसुली खर्च आहेत, कारण सभागृह राज्याचं नाही, पंचायतीचं आहे. राज्याच्या हातून फक्त पैसे गेले. सहायक अनुदानासाठी भारत सरकारी लेखामानक 2 आहे. त्याचा सर्वसाधारण नियम असा, की घेणाऱ्यानं त्यातून मालमत्ता उभारली तरी देणाऱ्याच्या पुस्तकात अनुदान महसुलीच राहतं. तेच सभागृह सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधून राज्याच्या मालकीचं ठेवलं असतं, तर तेच 30 लाख भांडवली झाले असते. विटा त्याच, सिमेंट तेच.

केंद्राच्या बजेटमध्ये ही रक्कम इतकी मोठी होते की ती वेगळी सांगावी लागते. 2025-26 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात भांडवली खर्च 11.21 लाख कोटी आहे. त्याशिवाय मालमत्ता उभारणीसाठी दिलेली अनुदानं 4.27 लाख कोटींची आहेत, आणि ती महसुली खर्चात बसलेली आहेत. दोन्ही मिळून 15.48 लाख कोटींना केंद्र ‘प्रभावी भांडवली खर्च’ म्हणतं. महसुली रकाना पाहून ‘वाया’ म्हणणारा या सव्वाचार लाख कोटींच्या बांधकामालाही वाया म्हणतो आहे.

उलट बाजूही पाहा. केंद्राच्या 2021-22 च्या सुधारित अंदाजात भांडवली खर्च 6.03 लाख कोटी होता, आणि त्यातले 51,971 कोटी एअर इंडियाची जुनी देणी मिटवायला होते. एकही नवी धावपट्टी त्यातून झाली नाही. तसंच 11.21 लाख कोटींत राज्यांना द्यायचं 50 वर्षांचं बिनव्याजी कर्ज 1.5 लाख कोटी आहे. केंद्रानं कर्ज दिलं म्हणजे केंद्राचं येणं वाढलं, म्हणून केंद्राकडे भांडवली. राज्यानं त्याच पैशातून पूल बांधला, की राज्याकडेही भांडवली. केंद्राचा आणि राज्यांचा आकडा सरळ जोडला तर तोच रुपया दोनदा मोजला जातो.

सगळ्यांत मोठी चूक मात्र दुरुस्तीच्या खर्चाला कमी लेखण्याची आहे, आणि ती आपल्या भागात पायाखाली दिसते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातला चार किलोमीटरचा डांबरी रस्ता घ्या. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. बांधायला चार कोटी लागले, ते भांडवली. दरवर्षी मिरगाआधी गटारं काढणं, साईडपट्ट्या छाटणं, खड्डे बुजवणं यांना चार लाख, आणि पाचव्या वर्षी वर डांबराचा नवा थर द्यायला 48 लाख. दहा वर्षांत दुरुस्तीचे 88 लाख होतात, सगळे महसुली.

हे 88 लाख ‘वाया’ म्हणून कापले तर काय होतं? गटार भरतं, साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होते, पाणी रस्त्यावरच थांबतं. ते डांबराच्या भेगांतून खाली खडी-मुरमाच्या थरात उतरतं. भिजलेला मुरूम गाड्यांच्या वजनाखाली दबतो आणि बारीक माती चिखल होऊन भेगांतून वर येते. ही खूण दिसली की समजावं, बिघाड पृष्ठभागाचा राहिलेला नाही, पाया गेला आहे. आता वरून कितीही डांबर ओतलं तरी एका पावसात उखडतं. सातव्या वर्षी रस्ता खणून पुन्हा बांधावा लागतो, आणि तेव्हाच्या दरानं पाच कोटी लागतात.

आता नोंद पाहा. दुरुस्ती केली असती तर दहा वर्षांत भांडवली चार कोटी आणि महसुली 88 लाख, एकूण 4 कोटी 88 लाख. न केल्यावर भांडवली नऊ कोटी, महसुली शून्य. भांडवली आकड्यालाच विकास मानणाऱ्याला दुसरा कारभार दुपटीहून चांगला दिसेल. गावाकडे दोन्हीकडे रस्ता एकच आहे, आणि दुसऱ्या हिशेबात तो मधली दोन-तीन वर्षं एसटी जाण्यालायकही नव्हता. घसारा लागत नसल्यानं ही झीज हिशेबात पकडली जात नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत बांधकामाच्या करारातच पाच वर्षांची देखभाल ठेकेदारावर टाकलेली असते आणि तिचे पैसे राज्यानं द्यायचे असतात, ते याच कारणानं.

सरकारवर टीका करायची तर तिची योग्य जागा आहे. 2025-26 मध्ये राज्याची महसुली जमा 2,92,477 कोटी धरली आहे आणि महसुली खर्च 3,11,739 कोटी. फरक 19,262 कोटी, ही महसुली तूट. म्हणजे चालू खर्चातले इतके पैसे कर्ज काढून भागवायचे आहेत. पगार देणं चूक नाही. पगार किंवा वाटप कर्जातून करणं काळजीचं आहे, कारण मुद्दल आणि व्याज पुढच्या वर्षांवर जातं आणि त्या बदल्यात हातात काही राहत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर राज्याचं बजेट पुस्तक उघडा. कन्नडमध्ये ‘राजस्व वेच्च’ म्हणजे महसुली आणि ‘बंडवाळ वेच्च’ म्हणजे भांडवली. हा दुसरा शब्द आपल्या ‘भांडवल’चाच भाऊ आहे, ओळखायला अडचण नाही. पण भाषेपेक्षा आकडा पक्का. प्रत्येक खर्चाला चार अंकी मुख्य लेखाशीर्ष असतं. पहिला अंक 2 किंवा 3 असेल तर महसुली, 4 किंवा 5 असेल तर भांडवली, 6 किंवा 7 असेल तर कर्जं. रस्ते-पुलांचं 3054 महसुली आणि 5054 भांडवली. शाळांचं सर्वसाधारण शिक्षण 2202 आणि इमारती 4202. एकाच रस्त्याचं रुंदीकरण 5054 खाली आणि खड्डे 3054 खाली, असं असायला हवं.

पहिल्या अंकावर थांबू नका, ओळीच्या शेवटचं खर्चाचं स्वरूपही वाचा. 4 किंवा 5 नं सुरू होणाऱ्या शीर्षाखाली ‘सहायक अनुदान’ किंवा ‘देखभाल’ लिहिलेलं दिसलं, तर वर्गीकरण चुकलं असण्याची दाट शक्यता असते. अशा नोंदीनं भांडवली आकडा फुगतो आणि महसुली तूट आहे त्याहून कमी दिसते. महालेखापरीक्षक राज्यांच्या वित्तीय अहवालांत नेमका याच चुकीवर बोट ठेवतात.