सिंगापूरचे ४२ लाख की ६० लाख?

"सिंगापूर शहराची लोकसंख्या ४२ लाख, देशाची ६० लाख, म्हणजे १८ लाख लोक शहराबाहेर खेड्यात राहतात."

अहो, तिथे शहराबाहेर म्हणजे थेट समुद्र किंवा मलेशिया! शहर आणि देश एकच आहे, हे दोन आकडे जागेचे नाहीत, माणसं मोजायच्या पद्धतीचे आहेत. जून २०२४ ला एकूण ६०.४ लाख, त्यातले नागरिक आणि परमनंट रेसिडेंट मिळून ४१.८ लाख, बाकीचे १८.६ लाख वर्क पासवरचे कामगार, त्यांच्या घरचे, स्टुडंट वगैरे, आणि हे सगळे त्याच बेटावर राहतात. त्यामुळे घनता काढताना एकूण आकडाच घ्या, ६०.४ लाख भागिले साधारण ७३५ चौरस किमी, म्हणजे ८,२०० च्या आसपास. क्षेत्रफळाला मात्र वर्ष लिहाच, कारण १९६० च्या सुमारास ते ५८० च होतं, नंतर समुद्रात भराव टाकून वाढवलंय.