जास्त व्होल्टेजवालाच वीज देतो का? बडोद्यात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

«वीज पाण्यासारखी उंचावरून खाली वाहते. ज्याचं व्होल्टेज जास्त तो देणारा, ज्याचं कमी तो घेणारा. दोघांचं सारखं असेल तर काहीच वाहत नाही. पुरावा हवा असेल तर दुपारी इन्व्हर्टरपाशी मीटर लावा, खांबापेक्षा व्होल्टेज जास्तच दिसेल. म्हणून सोलरवाल्यांनी इन्व्हर्टरची वरची मर्यादा वाढवून घ्यावी, नाहीतर ग्रिडच आपल्यात वीज ढकलेल.»

दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत ज्यांच्या छपरावर पॅनेल आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे हा मेसेज पोचलेला आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, आणि त्यातलं एक वाक्य तर मोजमापाने खरं ठरतं. त्यामुळे सरसकट «खोटं आहे» म्हणून भागणार नाही.

पहिली दोन वाक्यं बॅटरीला लागू पडतात. दोन बॅटऱ्या तारेने जोडल्या तर जास्त व्होल्टची बॅटरी देते आणि कमी व्होल्टची घेते, त्यात वाद नाही. पण एसीमध्ये «व्होल्टेज 240» म्हणजे एका पूर्ण आवर्तनाची गोळाबेरीज असते. प्रत्यक्षात ते दर 20 मिलिसेकंदांत एकदा वर जातं, एकदा खाली येतं. दोन एसी उगम जोडले की फक्त कोण किती उंच जातो एवढं पाहून चालत नाही. आपल्या शिखराला आधी कोण पोचतो, हेही पाहावं लागतं. या पुढे-मागे असण्यालाच फेज अँगल म्हणतात.

एक उदाहरण सोडवून बघू. अ हा उगम 240 व्होल्टचा आणि ब 225 व्होल्टचा. पण ब हा अ-च्या 16.26 अंश पुढे आहे, म्हणजे 50 हर्ट्झवर सुमारे 0.9 मिलिसेकंद आधी शिखरावर पोचतो. दोघांच्या मध्ये 3 ओहमचा निव्वळ रिअॅक्टन्स, म्हणजे रेझिस्टन्स नसलेली कॉइल. अ-चा कोन शून्य धरला की आकडे असे येतात, त्यात j लावलेला भाग म्हणजे अ-च्या पाव आवर्तन पुढचा, उभ्या दिशेचा भाग:

```
A = 240
B = 216 + j63        (|B| = 225)
B − A = −24 + j63
I = (B − A) / j3 = 21 + j8    (B कडून A कडे)
```

आता पॉवर. अ-पाशी पोचणारी पॉवर 240 × 21 = 5040 वॉट. ब-कडून निघणारी 216 × 21 + 63 × 8, तीही 5040 वॉट. कॉइल सरासरी वॉट खात नाही, म्हणून दोन्ही आकडे जुळतात. म्हणजे 225 व्होल्टवाला 240 व्होल्टवाल्याला पाच किलोवॉट देतो आहे. मेसेजप्रमाणे हे घडायलाच नको होतं.

असं का होतं, ते करंट कधी वाहतो यावरून समजतं. ब थोडा पुढे असल्याने दोघांतला फरक, म्हणजे B − A, मुख्यतः उभ्या दिशेचा येतो, अ-पेक्षा जवळजवळ पाव आवर्तन पुढचा. इथे तर तो थोडा जास्तच पुढे आहे. कॉइलमधला करंट आपल्यावरच्या व्होल्टेजच्या पाव आवर्तन मागे राहतो. पाव पुढे आणि पाव मागे, त्यामुळे करंट पुन्हा दोन्ही उगमांच्या तालाजवळ येऊन पडतो आणि वॉट वाहतात. याउलट दोघांमध्ये फक्त उंचीचा फरक असेल आणि अँगल शून्य, तर फरक उगमांच्याच तालात येतो. मग करंट त्यांच्या पाव आवर्तन मागे पडतो आणि अर्ध्या आवर्तनात जेवढं दिलं तेवढंच उरलेल्यात परत येतं. सरासरी वॉट शून्य. करंट मात्र वाहतोच, आणि या जा-ये करणाऱ्या पॉवरला रिअॅक्टिव्ह पॉवर म्हणतात, ती व्हारमध्ये मोजतात. आपल्या उदाहरणात अ 1920 व्हार देतो, त्यातले 405 ब घेतो आणि उरलेले 1515 कॉइलमध्ये जातात. म्हणजे जास्त व्होल्टेजवाला देतो आहे खरं, पण व्हार देतो, वॉट नव्हे.

व्होल्टेज सारखं असेल तर काहीच वाहत नाही, हे वाक्य खोडायला मोठ्या उदाहरणाची गरज नाही. रिअॅक्टन्सवर वॉटचं सूत्र P = V1·V2·sin δ / X असं आहे, त्यात δ म्हणजे दोघांमधला अँगल आणि X म्हणजे रिअॅक्टन्स. 230 आणि 230, मध्ये 10 अंश आणि तेच 3 ओहम घाला, 3060 वॉटच्या आसपास उत्तर येतं. ज्यांना कागदापेक्षा प्रत्यक्षातलं यंत्र आवडतं त्यांनी केवडियाकडे पाहावं. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरात 200 मेगावॉटची सहा उलटसुलट चालणारी यंत्रं आहेत. तीच यंत्रं पाणी खाली सोडून वीज तयार करण्यासाठीही बनवलेली आहेत आणि वीज घेऊन पाणी वर चढवण्यासाठीही. दोन्ही वेळी ग्रिडचं व्होल्टेज जवळपास तेच राहतं. देताना रोटर ग्रिडच्या पुढे असतो, घेताना मागे. पुढे ढकलायचं काम पाणी करतं. एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या चुंबकाला दिलेला करंट, वाढवून व्होल्टेज कितीही चढवलं तरी पाण्याचा दरवाजा बंद असेल तर त्या यंत्रातून निव्वळ वॉट निघणार नाहीत, व्हार निघतील.

आता मेसेजमधलं ते खरं वाक्य, मीटरचं. हो, दुपारी इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज खांबापेक्षा जास्त दिसतं. समजा पाच किलोवॉटचा एकफेज इन्व्हर्टर सुमारे 21 अँपिअर बाहेर पाठवतो आहे, आणि खांबापर्यंतच्या सर्व्हिस केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स अर्धा ओहम आहे. केबलमध्ये साडेदहा व्होल्ट पडतात. खांबावर 230 असतील तर इन्व्हर्टरपाशी 240.5, आणि सुमारे 220 वॉट केबल तापवण्यात जातात. घराकडे येणाऱ्या बारीक केबलमध्ये रिअॅक्टन्स नगण्य असतो आणि रेझिस्टन्सचाच जोर असतो, म्हणून मीटर असं सांगतं. पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याची मेसेजने उलटापालट केली आहे. छपरावरचा नेहमीचा इन्व्हर्टर आधी व्होल्टेज चढवून मग वीज ढकलत नाही. तो ग्रिडचा अँगल वाचतो आणि पॅनेलमधून जेवढी पॉवर येते तेवढा करंट त्या तालात सोडतो. केबलने जेवढा अडथळा केला, तेवढं त्याच्यापाशी व्होल्टेज वाढतं.

केबलच्या स्वभावाने उत्तर किती बदलतं हे त्याच दोन उगमांवर बघता येईल, आणि मला या सगळ्यातली हीच गोष्ट सर्वांत रंजक वाटते. अ आणि ब तसेच ठेवा, अँगलही तोच, फक्त कॉइलच्या जागी 3 ओहमचा रेझिस्टन्स घाला. आता I = −8 + j21. अ 1920 वॉट देतो, ब 405 वॉट घेतो, आणि 1515 वॉट उष्णतेत जातात. आकडे तेच, फक्त मघाशी जे व्हार होते ते आता वॉट झाले आणि देणारा-घेणारा बदलले. मधली तार अशी असेल की रेझिस्टन्स 4 ओहम आणि रिअॅक्टन्स 1 ओहम, तर आणखी गंमत होते: ब सुमारे 604 वॉट देतो, अ सुमारे 466 वॉट देतो, घेणारा कुणीच नाही. सगळे 1070 वॉट तारेत जळतात. म्हणजे नुसती दोन व्होल्टेजं सांगून, किंवा नुसता अँगल सांगून, देणारा ठरवता येत नाही. मधला इंपिडन्सही, म्हणजे रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स मिळून होणारा अडथळा, सांगावा लागतो. उंच व्होल्टच्या लांब लाइनींवर रिअॅक्टन्स मोठा असतो, तिथे अँगलचं राज्य चालतं. गल्लीतल्या केबलवर ते बरंच ढिलं पडतं.

राहिला मर्यादा वाढवण्याचा सल्ला, आणि इथे मात्र मी ठाम आहे: करू नका. ग्रिडचं व्होल्टेज वाढलं म्हणून ग्रिड इन्व्हर्टरमध्ये किलोवॉट कोंबत नाही, कारण आत किती करंट जायचा हे इन्व्हर्टरचं नियंत्रण ठरवतं. रात्री खांबावर 245 व्होल्ट असले तरी तो आपली इलेक्ट्रॉनिक्स जागी ठेवण्यापुरतीच वीज घेतो. वरची मर्यादा, म्हणजे ज्या व्होल्टेजला इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, ती असते घरातल्या फ्रिज, पंखे आणि शेजाऱ्यांच्या उपकरणांसाठी, कारण ते सगळे त्याच तारेवर आहेत. मर्यादा वाढवली तर दुपारचं बंद पडणं थांबेल, पण तेच चढलेलं व्होल्टेज फ्रिजलाही मिळेल.

दुपारी इन्व्हर्टर वारंवार «ओव्हरव्होल्टेज» दाखवून सुटत असेल तर आधी कारण शोधा. ऊन असताना इन्व्हर्टरच्या एसी एमसीबीच्या ग्रिडकडच्या बाजूला व्होल्टेज बघा, मग तो एमसीबी खाली करून त्याच जागी लगेच पुन्हा बघा. घरातला लोड तेवढाच ठेवा. बंद केल्यावरही आकडा तसाच चढा राहिला तर वाढ ग्रिडकडून आहे. मग वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप आणि फेजवरचा भार तपासायची तक्रार करावी लागते. बंद करताच दहा-बारा व्होल्टने खाली आला तर वाढ तुमच्या केबलमध्ये आहे: केबल बारीक आहे, लांब आहे, किंवा एखादा जोड सैल आहे. सैल न्यूट्रलमुळेही असंच दिसतं आणि तो जोड हात लावता येणार नाही इतका तापतो, म्हणून तो बघायला लायसनवाला वायरमनच बोलवा. काही इन्व्हर्टरांत थोडे व्हार शोषून व्होल्टेज खाली ठेवायची सोय असते, पण केबल मुख्यतः रेझिस्टन्सची असेल तर तिचा उपयोग बेताचाच होतो. जाड केबल जास्त कामी येते.

आणि वीज कुठल्या दिशेने जाते हे पाहायला व्होल्टमीटर मुळात उपयोगाचाच नाही. आपल्या पहिल्या उदाहरणात साधा क्लॅम्प मीटर 22.5 अँपिअर दाखवेल, येणारा की जाणारा ते सांगणार नाही. व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच क्षणी घेऊन त्यांचा गुणाकार सरासरीत काढणारं यंत्र लागतं. नेट मीटर हेच करतो, पॉवर क्लॅम्पही हेच करतो. पॉवर क्लॅम्पवर बाण असतो, त्याची दिशा लक्षात घेऊन लावायचा. घरी मॉनिटरिंगसाठी तारेभोवतीचा करंट मोजणारा वेगळा सीटी बसवला असेल तर तो उलटा बसलेला असू शकतो, आणि मग घेतलेली वीज दिलेली म्हणून दिसते. तपासायचं असेल तर रात्री नऊला गीझर लावा आणि अॅप बघा. सूर्य नसताना एक्स्पोर्ट दिसत असेल तर सीटी फिरवून बसवायला सांगा.