दहा टक्के पडझड आणि तो फॉरवर्ड

चि. यास आशीर्वाद.

"बाबा, ग्रुपवर आलंय, निफ्टी दहा टक्के पडला की आधी विकून मोकळं व्हायचं, तळ लागला की परत घ्यायचं. विकू का?"

नको. विकणं सोपं आहे रे, परत शिरणं अवघड. 2020 बघ. 23 मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. तळ तिथेच होता, पण तेव्हा कुणालाच कळलं नाही. 7 एप्रिलला देश कुलूपबंद असताना निर्देशांक एका दिवसात साडेआठ टक्क्यांहून अधिक उसळला. विकून बसलेले चांगल्या बातमीची वाट बघत राहिले. नोव्हेंबरात निफ्टी 13,000 पार, म्हणजे जानेवारीच्या शिखराच्याही वर.

निफ्टीतल्या सगळ्याच कंपन्यांत पैसे लावणाऱ्या तुझ्या इंडेक्स फंडात पाच लाखांचे साडेचार झाले असतील, तर भरपाईला अकरा टक्क्यांच्या आसपास वाढ लागेल. विकून वर पाच टक्के महाग घेतलंस, तर विकल्या भावापासून मोजलेली ती वाढ साडेसोळाच्या वर जाते. फॉरवर्डवाले हा हिशेब कधीच देत नाहीत!

हे फक्त इंडेक्स फंडापुरतं. एकटी कंपनी पडली तर ती परत उठेलच असं नाही. आणि फ्लॅटच्या बुकिंगचे पैसे वर्षभरात लागणार असतील, तर तेवढे काढ. एसआयपी चालू ठेव.

तुझे बाबा