‘ॲविल-डेक्सा देऊन पुढे चालू’ याबद्दल: एका सिस्टरच्या प्रतिक्रियेला उत्तर

रक्त चढवताना ताप, नाडी, श्वास आणि बीपी कधी मोजायचं याचा तक्ता मी रक्तपेढीतून दिला होता. ताप आला तर ॲलर्जीचं ॲविल आणि डेक्सा हे स्टेरॉइड देऊन पिशवी चालू ठेवू नका, ती परत पाठवा, असंही लिहिलं होतं. त्यावर एका सिस्टरने लिहिलं:

“मॅडम, तक्ता कागदावर छान आहे. पण रात्री तीस-पस्तीस पेशंटना मी एकटी असते. दर पंधरा मिनिटांनी टीपीआर-बीपी कोण घेणार? आणि थोडा ताप आला की पिशवी बंद करून रक्तपेढीला परत पाठवायची म्हटलं, तर नातेवाईक अंगावर येतात. दुसऱ्या पिशवीसाठी त्यांनी पुन्हा कुठे धावायचं? आम्ही ॲविल-डेक्सा देतो आणि चालू ठेवतो. इतक्या वर्षांत काही वाईट झालेलं नाही.”

सिस्टर, पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्यावर नाही, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तरी आधी पहिल्याबद्दल.

तक्त्यातल्या सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नाहीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर अर्ध्या तासाने नोंद मागतात. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत किमान तीनच नोंदी सांगितल्या आहेत: रक्त सुरू करण्याआधीची, सुरू झाल्यावर पंधराव्या मिनिटाची आणि पिशवी संपल्यावरची. हात कमी असतील तेव्हा या तीन कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. बाकीच्या जमतील तशा घ्या. जी घेतली नाही ती रिकामी ठेवा. रात्रभर ९८.६ आणि ८० असे आकडे ओळीने उतरवलेला तक्ता रक्तपेढीत आला की आम्हाला त्यातून काहीच कळत नाही. ताप आल्यावर आम्ही बघतो तो फरक: आधी किती होता, आता किती आहे. आधीचा आकडाच खरा नसेल तर फरक काढायचा कशातून?

पहिली पंधरा मिनिटं मात्र पेशंटजवळच थांबा. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर त्रास बऱ्याचदा पहिल्या काही मिलिलिटरमध्येच सुरू होतो. तीव्र ॲलर्जीचंही तसंच, जंतुसंसर्ग झालेल्या पिशवीचंही. म्हणून सुरुवात हळू करायची. बीटी सेटचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. मिनिटाला २० ते ४० थेंब ठेवले तर पंधरा मिनिटांत १५ ते ३० मिलिलिटर रक्त जातं. चुकीची पिशवी एवढ्यावर थांबली तर पेशंट वाचण्याची शक्यता बरीच असते. तीच सगळी, म्हणजे अडीचशे मिलिलिटर गेली, तर किडनी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा दोन्ही धोक्यात येतात.

यासाठी वेळ काढायचा तर कामाचा क्रम बदलावा लागेल. रात्रीची इंजेक्शनं आटोपल्याशिवाय रक्तपेढीतून पिशवी मागवू नका. दोन पेशंटच्या पिशव्या एकाच वेळी लावू नका. रक्तस्राव नसेल आणि पेशंट स्थिर असेल, तर ‘ही पिशवी सकाळी लावू का?’ असं डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा. आणि जवळच्या नातेवाइकाला नेमकं सांगून ठेवा: थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, कंबर दुखली, दम लागला किंवा पेशंट ‘जीव घाबरा होतोय’ म्हणाला, तर लगेच हाक मारा. ‘जीव घाबरा होणं’ हे लक्षण आम्ही फार गांभीर्याने घेतो. बीपी उतरण्याआधी कधी कधी पेशंटला तेवढंच जाणवतं.

आता ॲविल-डेक्सा. एक नमुन्याची रात्र घेऊ. बाळंतपणानंतरची बाई, हिमोग्लोबिन ६.२, गट ओ पॉझिटिव्ह. पिशवी ९.२० ला फ्रिजमधून निघाली आणि ९.४० ला लावली. सुरू करण्याआधी ताप ९८.४, नाडी ९६, बीपी ११०/७०, श्वास १८, ऑक्सिजन ९८. ९.५५ ला ताप ९८.६, नाडी ९८, काही तक्रार नाही, म्हणून थेंब वाढवले. १०.२५ ला तिला हुडहुडी भरते. ताप १००.९, नाडी ११८, बीपी १०८/७०. म्हणजे अडीच अंश फॅरनहाइटने वाढ.

या क्षणी हा ताप कशाचा आहे, हे तुम्ही किंवा मी तिच्याकडे बघून सांगू शकत नाही. रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे येणारा साधा ताप असू शकतो, आणि बहुतेक वेळा तोच असतो. पण गट जुळत नसल्याने तांबड्या पेशी फुटताहेत, किंवा पिशवीत जंतू आहेत, तरी सुरुवात अशीच दिसू शकते. ॲविल ॲलर्जीवर चालतं, तापावर नाही. डेक्साचा परिणाम दिसायला काही तास जातात आणि फुटणाऱ्या पेशी त्याने थांबत नाहीत. ॲविलने पेशंटला झोप मात्र येते, आणि झोपलेली बाई कंबर दुखतेय असं सांगत नाही. जे लक्षण तुम्हाला सावध करणार होतं तेच दिसेनासं होतं आणि रक्त आत जात राहतं.

म्हणून सगळ्यात आधी रोलर बंद करायचा. डॉक्टरांना फोन त्यानंतर. कॅन्युला काढायची नाही, कारण बीपी कोसळलं तर शीर पुन्हा मिळणार नाही. रक्ताचा सेट कॅन्युलापासून सोडवून नव्या सेटने साधं नॉर्मल सलाईन लावायचं. जुन्याच सेटमधून सलाईन सोडलं तर नळीत अडकलेलं रक्तही आत जाईल. मग टीपीआर, बीपी आणि ऑक्सिजन पुन्हा घ्यायचं, आणि हे सगळं किती वाजता झालं ते तक्त्यात लिहायचं.

त्यानंतरची दोन मिनिटं पडताळणीची, आणि ही तुम्ही एकटीने करू शकता. पेशंटला तिचं पूर्ण नाव सांगायला लावा. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारलं तर अर्धवट ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. हातावरच्या पट्टीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, पिशवीवरचा क्रमांक, गट आणि मुदत, क्रॉसमॅचचा रिपोर्ट, केस पेपर हे सगळं एकमेकांशी ताडून बघा. काही जुळलं नाही तर त्याच क्षणी रक्तपेढीला फोन करा. एक धोका इथे सहज सुटतो. हिची पिशवी चुकीची असेल, तर हिची खरी पिशवी कुठे आहे? ती पलीकडच्या वॉर्डात दुसऱ्याच कुणाला लागलेली असू शकते. तुमच्या एका फोनने दोन माणसं वाचू शकतात.

आमच्या या बाईचं सगळं जुळलं. दुसऱ्या हातातून दोन नमुने घेतले, एक ईडीटीएच्या बल्बमध्ये, एक साध्या. नमुना हळू ओढायचा. बारीक सुईने जोरात ओढला तर पेशी तिथेच फुटतात आणि आमची दिशाभूल होते. पिशवी उरलेल्या रक्तासह, सेट न काढता, टोक झाकून पाठवली. प्रतिक्रियेनंतरची पहिली लघवीही दिली. रक्तपेढीत आधी कागद तपासतात. मग नमुना फिरवून वरचा द्रव बघतात. तो स्वच्छ पिवळा निघाला. गुलाबी-लाल असता तर पेशी फुटल्याचा संशय तिथेच बळावला असता. डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह आली, प्रतिक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांचा गट पुन्हा केला तो जुळला, लघवीत काही नाही. पिशवीचं कल्चर लावलं. पॅरासिटामॉलने ताप उतरला, बीपी स्थिर राहिलं. निष्कर्ष: साधा ताप.

याच बाईला चुकून बी गटाची पिशवी लागली असती, तरी १०.२५ ची ओळ अशीच दिसू शकली असती. द्रव लाल, कूम्ब्स पॉझिटिव्ह, लघवी कोलासारखी गडद, बीपी घसरतंय हे सगळं नंतर कळतं. त्या वेळी सलाईन भरपूर, लघवीच्या प्रमाणावर तासातासाला लक्ष आणि आयसीयू, अशी धावपळ असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तर पेशंट भुलीखाली असतो, त्याला हुडहुडी जाणवत नाही. अचानक उतरलेलं बीपी, लाल लघवी आणि जखमेतून न थांबणारं रक्त एवढ्याच खुणा मिळतात.

नातेवाइकांची तुमची अडचण खरी आहे. पण थांबवणं आणि टाकून देणं यात अंतर आहे. फक्त गांधी उठल्या असतील, ताप, दम, बीपीचा त्रास काही नसेल आणि कागद जुळत असतील, तर ॲविल द्या. गांधी बसल्या की डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर तीच पिशवी हळू सुरू करता येते, पण फ्रिजमधून निघाल्यापासून चार तासांच्या आत ती संपली पाहिजे. वरच्या उदाहरणात म्हणजे रात्री १.२० च्या आत. ॲविलची खरी जागा ही. हुडहुडी भरून ताप आला तर मात्र ती पिशवी परत यायलाच हवी. दुसरी देताना रक्तपेढीने अडवणूक केली तर तो आमचा दोष आहे. त्यासाठी तुम्ही आमच्याशी भांडा, पेशंटला तीच पिशवी देऊ नका.

पिशवी परत पाठवण्याचा फायदा पेशंटला पुढेही होतो. थॅलेसेमियाची मुलं दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्ताला येतात. ताप कागदावर आला असेल तर पुढच्या वेळी पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त द्यायचं का, हे ठरवता येतं. ॲविल-डेक्सात ती नोंद विरली, तर मूल दर वेळी तसंच तापत राहतं. अशा प्रतिक्रिया देशभरातून गोळा करण्यासाठी हिमोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाला. नोएडाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स तो चालवते. ठरलेल्या फॉर्मवर रक्तपेढी माहिती पाठवते, पण वॉर्डातून काही आलंच नाही तर आम्ही काय पाठवणार?

‘काही वाईट झालेलं नाही’ याबद्दल एवढंच म्हणते, की झालेलं सगळं आपल्याला दिसतं असं नाही. चुकीची पिशवी लागूनही गट योगायोगाने जुळला तर कुणालाच पत्ता लागत नाही. आणि पहाटे तीनला दम लागून पेशंट बिघडला तर केस पेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं जातं. त्याआधी किती वेगाने रक्त दिलं, हे कुणी मागे जाऊन बघत नाही.

त्या पहाटेच्या दमासाठी किमान तीन नोंदींत एक भर घालाच. पिशवी संपल्यावर तासाभराने श्वास आणि ऑक्सिजन पुन्हा मोजा. जुनी तीव्र रक्तक्षयाची बाई, म्हातारी माणसं, हृदयाचे किंवा किडनीचे पेशंट यांना रक्ताचा भार सहन होत नाही. हा त्रास रक्त संपल्यावर बारा तासांपर्यंत उमटू शकतो. त्यात बीपी उतरण्याऐवजी बहुधा चढतं, श्वास तिशीकडे जातो, पेशंट आडवा होईना, उठून बसतो. अशांना एका वेळी एकच पिशवी, तीन-साडेतीन तासांत, आणि पुढची लावण्याआधी डॉक्टरांनी छाती ऐकलेली हवी.