बाळाला मध: एका फॉरवर्डची झाडाझडती

"बाळाला मध देऊ नका म्हणणारे डॉक्टर औषध कंपन्यांचे दलाल आहेत. १) शुद्ध मधात कोणताही जंतू जगत नाही. २) भीती वाटत असेल तर मध उकळत्या पाण्यात घालून द्या. ३) बाळाला दोन-तीन दिवस शी झाली नसेल तर अर्धा चमचा मध चाटवा, पोट मोकळं. ४) आपल्या आज्यांनी सगळ्यांना मध चाटवला, कोण मेलं? ५) ज्याला विष म्हणतात तेच नट्या चेहऱ्याला टोचून घेतात. जास्तीत जास्त शेअर करा."

हा मजकूर माझ्या मामेबहिणीला तिच्या सासूबाईंनी पाठवला. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. एरवी असल्या मजकुरांना मी उत्तर देत बसत नाही, पण या वेळी गप्प बसवत नाही.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीचे नुसते चुकीचे आहेत आणि हा घातक आहे. मधातून पोटात जाऊ शकणारा एक जीवाणू तिथे विष बनवतो आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात, या आजाराला बोटुलिझम म्हणतात. तान्ह्या बाळाच्या बोटुलिझममध्ये घरच्यांच्या नजरेला पडणारं पहिलं लक्षण बहुतेक वेळा शी अडणं हेच असतं. म्हणजे ज्या बाळाच्या पोटात आधीच हे विष तयार होतंय, त्यालाच आणखी मध चाटवा असा हा सल्ला.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जीवाणू मातीत सगळीकडे असतो आणि अडचणीच्या काळात जाड कवचाचा बीजाणू होऊन पडून राहतो. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून वस्ती करून असलेले जंतू त्याला रुजू देत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून पुरती बसलेली नसते. बीजाणू मोठ्या आतड्यात रुजतो, वाढतो आणि तिथेच विष बनवत राहतो. ते रक्तात उतरतं आणि मज्जातंतूंच्या टोकांशी पोचतं.

त्या टोकांत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. हालचालीचा संदेश आला की पिशवी टोकाच्या पडद्याला चिकटते, उघडते, रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आकसतो. पिशवीला पडद्याशी जोडणारी जी प्रथिनं आहेत, नेमकी तीच हे विष तोडतं. पिशव्या भरलेल्या, स्नायू धडधाकट, मेंदू जागा, आणि तरी हालचाल नाही. आतड्याची हालचालही याच रसायनावर चालते, म्हणून शी अडते.

त्यानंतर लुळेपणा वरून खाली उतरतो. आधी डोकं आणि चेहऱ्याच्या नसा: पापण्या जड होतात, चेहरा निर्विकार दिसतो, बुबुळं उजेडाला हळू प्रतिसाद देतात, चोखणं मंदावतं, दूध तोंडाच्या कडेने ओघळतं, रडणं क्षीण होतं. मग मान धरली जात नाही, हातपाय सैल पडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. दोन्ही बाजूंना सारखंच होतं आणि ताप बहुधा नसतो. बाळ 'शांत झालंय' असं वाटू शकतं, पण आत ते पूर्ण शुद्धीवर असतं.

आता कोणी म्हणेल, अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस शी न होणं नॉर्मल असतं. असतंच. बाळ जोरात चोखतंय, दणकून रडतंय, शी झाली की मऊ होते, तर काही करायची गरज नाही. मधाची तर नाहीच. पण शी अडली आणि सोबत चोखणं किंवा रडणं मंदावलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, ते मान्य करून टाकतो. मधात पाणी इतकं कमी असतं की त्यात जंतू वाढत नाहीत आणि विषही बनत नाही. पण वाढत नाही म्हणजे मरतो असं नाही. बीजाणू मधात नुसता झोपून राहतो. कॅलिफोर्नियात स्टीफन आर्नन आणि सहकाऱ्यांनी ९० मध तपासले, त्यातल्या ९ मध्ये हा जीवाणू सापडला. आजारी बाळांना घरी चाटवलेल्या मधातही तो निघाला, आणि विष मात्र कुठल्याच मधात नव्हतं. १९७९ साली हे छापून आलं आणि एक वर्षापर्यंत मध नको ही शिफारस तिथूनच आली. शुद्ध, जंगलातला, डोळ्यांदेखत पोळ्यातून काढलेला, काहीही म्हणा. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून बीजाणू दिसत नाहीत.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कोणी तोंडावर फेकेल: आजारी पडलेल्या बहुतेक बाळांनी मध खाल्लेलाच नव्हता. बीजाणू धुळीतूनही येतो. पण घरातली धूळ आपल्याला शून्यावर आणता येत नाही, मध येतो.

उकळत्या पाण्याचं थोडक्यात: विष उष्णतेने नष्ट होतं, बीजाणू नाही. तो मारायला प्रेशरखाली १२१ अंशांपर्यंत तापवावं लागतं. आणि मधात विष नसतंच, बीजाणू असतात. म्हणजे जे नाही ते मारायचं आणि जे आहे ते बाळाच्या पोटात घालायचं.

आज्यांबद्दल मला आदर आहे, माझ्याही आजीने मला मधातून घुटी दिली आहे. हा आजार क्वचित होतो, म्हणून बहुतेकांना काही झालं नाही. पण तान्ह्यांमधला हा आजार ओळखलाच गेला १९७६ मध्ये, अमेरिकेत. त्याआधी कुठेही एखादं बाळ लुळं पडून गेलं तर त्याला हे नाव कोण देणार होतं? निदानासाठी शीमध्ये विष किंवा जीवाणू शोधावा लागतो. तपासणी झाली नाही तर नोंदही होत नाही. नोंद होते तिथलं एक उदाहरण घ्या. टोकियोतल्या अदाची भागात २०१७ च्या जानेवारीच्या मध्यापासून एका बाळाला वरच्या अन्नाबरोबर ज्यूसमध्ये मध मिसळून देत होते, दिवसाला साधारण १० ग्रॅम. २० फेब्रुवारीला त्याला झटके आले, श्वास अडला. ३० मार्चला ते गेलं, सहा महिन्यांचं. त्याच्या शीमध्ये आणि घरातल्या मधात, दोन्हीकडे जीवाणू मिळाला.

उपचार आहेत. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर बहुतेक बाळं वाचतात. यावरचं खास प्रतिपिंडांचं इंजेक्शन कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडून मिळतं आणि त्याने दवाखान्यातला मुक्काम सरासरी ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर येतो. पुण्या-मुंबईच्या मेडिकलमध्ये मिळणारी ती वस्तू नव्हे. शिवाय मज्जातंतूत शिरलेलं विष त्यानेही बाहेर निघत नाही. नवे धागे फुटून जोडणी व्हायला आठवडे-महिने जातात.

नट्यांचं म्हणाल तर टोचतात ते हेच विष, पण अतिसूक्ष्म मात्रेत, एकेका स्नायूत, आणि तिथला स्नायू लुळा पडावा म्हणूनच. सुरकुती त्यामुळेच जाते. हे विष बिनधोक असल्याचा पुरावा म्हणून कोणी देत असेल तर धन्य आहे. तेच विष रक्तात गेलं तर एका ग्रॅमचा साधारण एक कोटीवा भाग मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरेल असा अंदाज आहे.

वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यावर चमचाभर मध खुशाल द्या. त्याआधी घुटी उगाळायला, सुवर्णप्राशनाला किंवा चोखणीला लावायलाही नको. आणि कोणी चाटवून झालाच असेल तर घाबरून जाऊ नका, पण पुढचे काही आठवडे चोखणं आणि रडणं बघत राहा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरांना मधाचं आपणहून सांगा, सासूबाई शेजारी उभ्या असल्या तरी. मंदावलेलं बाळ पाहून डॉक्टरांना आधी रक्तातल्या जंतुसंसर्गाचा संशय येतो आणि जेंटामायसिन सुरू होण्याची शक्यता असते. ते औषध मज्जातंतू-स्नायूंमधला हाच अडथळा आणखी वाढवतं.