मेडिक्लेमच्या जाहिरातीत कारण शिरू देऊ नका

मेडिक्लेमची जाहिरात लिहायला बसलात की सगळ्यात आधी घरातला कर्ता माणूस आडवा करा. वय चाळिशीच्या आसपास, अंगात हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, नाकात नळी. आजार कोणता ते सांगू नका. आजाराचं नाव आलं की वाचक विचारतो, "हा तुमच्या पॉलिसीत बसतो का?" आणि तिथेच सगळा खेळ आटोपतो. काचेच्या दारापाशी बायको उभी करा. तिच्या हातात बिलाचा कागद द्या, पण आकडा दिसता कामा नये. मुलगा शाळेच्या गणवेशातच हवा, घड्याळात रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी. मग पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं: 'उद्या फार उशीर झालेला असेल.'

उशीर कशाला झालेला असेल, हे मात्र मोघमच राहू द्या.

वेबसाइटसाठी लिहीत असाल तर वर एक लाल घड्याळ लावा. पंधरा मिनिटांपासून उलटं मोजणारं. एखाद्या चिकित्सक वाचकाने पान रिफ्रेश केलं की ते पुन्हा पंधरावर येतं, पण असले लोक आपले गिऱ्हाईक नव्हेतच. घड्याळाखाली लिहा, 'आज रात्री बारापर्यंतच खास सूट'. विम्याचे दर आणि सवलती आधी ठरवून छापलेल्या असतात, त्याबाहेर हप्त्यात सूट द्यायला विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार मनाई आहे आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, हे तुमच्या वाचकाला कुठे माहीत असतं? छापील कोष्टकातली सवलत सहसा उद्या सकाळीही तीच असते. ही माहिती त्याच्यापर्यंत पोचू न देणं यालाच आपल्या धंद्यात सर्जनशीलता म्हणतात.

'नको' म्हणण्याचं बटण द्यावंच लागलं तर त्यावर लिहा, 'नको, माझं कुटुंब देवाच्या भरवशावर'. या कलेची दखल दिल्लीनेही घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांची यादी काढली. त्यात पहिला मान खोट्या घाईला आहे. नकार देणाऱ्याला लाजवण्याच्या प्रकाराला उदाहरण म्हणून तर विमानाच्या तिकिटासोबत विमा न घेणाऱ्याकडून 'मी असुरक्षितच राहीन' असं वदवून घेणारं बटण दिलं आहे. हजार धंदे सोडून सरकारला उदाहरण सुचलं ते विम्याचं. ऊर भरून येतो.

मार्चमध्ये करबचतीची भीती घाला. ३१ मार्च ही तारीख खरी असल्यामुळे थोडं अवघडल्यासारखं होतं, पण इलाज आहे: नव्या करप्रणालीत या हप्त्याची वजावटच मिळत नाही, हे वाक्य तेवढं गाळा. 'आजच घ्या, हप्ता लॉक करा' ही ओळ टर्म इन्शुरन्सकडून उसनी आणा. तिथे ती खरी आहे, कारण ज्या वयात पॉलिसी घेतली त्या वयाचा हप्ता शेवटपर्यंत चालतो. मेडिक्लेममध्ये बहुतेक ठिकाणी तो वयाबरोबर वाढतच जातो, पण दुसऱ्याच्या मांडवात आपलं लग्न उरकता येत असेल तर सोडायचं कशाला?

एवढं सगळं नीट जमवलं तरी घात होऊ शकतो. तो बहुधा नव्याने लागलेल्या माणसाकडून होतो. आमच्याकडे एक कॉपीरायटर मुलगी आली होती. वर दिलेला हॉस्पिटलचा प्रसंग तिला वाचून दाखवला, तर रडायचं सोडून म्हणाली, "सर, पण आजच का? परवा घेतली तर काय बिघडतं?"

असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला की ताबडतोब चहा मागवावा. मी मागवला नाही. तिने कंपनीकडून पॉलिसीची पूर्ण नियमावली मागवून घेतली (मागितली तर देतात, हे तेव्हाच कळलं) आणि दोन दिवसांनी जे लिहून आणलं ते इथे पूर्ण देतो. ते कसं लिहू नये, हे त्यावरून कळेल.

'तुम्ही ३८ वर्षांचे आहात. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. मेडिक्लेम घ्यायचा विचार आहे, पण दिवाळीनंतर बघू असं ठरलंय. निर्णय तुमचा, फक्त हा हिशोब बघा.

'तुम्ही १ जुलै २०२६ ला पॉलिसी घेतली असं धरू. अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून खर्च मिळेल. डेंग्यू किंवा न्यूमोनियासाठी ३१ जुलैपासून, कारण पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल यांसाठी आमच्या पॉलिसीत २४ महिने थांबावं लागतं, म्हणजे १ जुलै २०२८. तुमचा बीपी आधीपासूनचा आहे. तो आणि त्यातून उद्भवणारा त्रास १ जुलै २०२९ पासून कव्हर होईल. नियमाप्रमाणे ३६ महिन्यांपेक्षा जास्त आम्ही तुम्हाला थांबवू शकत नाही.

'दिवाळी करून १ डिसेंबरला घेतलीत तर यातली प्रत्येक तारीख पाच महिने पुढे जाईल. पुढच्या शनिवारी घेतलीत तर जेमतेम आठवडाभर. आज रात्री बारा वाजता काहीही होणार नाही.

'आणखी एक गोष्ट. मधुमेह किंवा दुसरं काही दुखणं पॉलिसी घेण्याआधी निघालं, तर त्यासाठीही तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. हप्ताही वाढू शकतो. पॉलिसी घेतल्यानंतर पहिल्यांदाच निघालं, तर आधीच्या आजारासाठीचं हे थांबणं त्याला लागू होत नाही. लवकर घेण्याचं आमच्याकडे असलेलं सगळ्यात मोठं कारण हे आहे. बीपीची गोळी मात्र फॉर्ममध्ये लिहा. ती लपवली तर क्लेमच्या वेळी आम्ही तेच कारण पुढे करू.

'पुढच्या महिन्यात तुमचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर या पॉलिसीचा त्यासाठी उपयोग नाही. तुमच्याकडे आधीच वैयक्तिक मेडिक्लेम असेल तर तो बंद पडू देऊ नका. दुसऱ्या कंपनीत नेताना आधीच्या पॉलिसीत थांबलेले महिने जमेस धरले जातात, मग घाई कशाची? ऑफिसची पॉलिसी असेल तर ती नोकरीबरोबर संपते. नोकरी सोडण्याआधी एचआरला विचारा: त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का? कंपनी नव्याने तपासणी मागू शकते, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

'पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येतात. वैद्यकीय तपासणी, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांचा हप्ता कापून बाकीचे पैसे परत मिळतात.'

आता यातले दोष मोजा.

पहिला दोष म्हणजे कोणी मरत नाही. पेशंट नाही, नळी नाही, बायकोच्या हातात कागद नाही. नवरा-बायको जेवणानंतर हा मजकूर वाचतील, बायको कॅलेंडर काढेल आणि दोघं बोट ठेवून महिने मोजतील. घाबरलेला माणूस फोन नंबर टाइप करतो. मोजणारा माणूस प्रश्न विचारतो.

दुसरा दोष त्याहून गंभीर. तिने घाईला माप दिलं. एक आठवडा उशीर म्हणजे एक आठवडा, पाच महिने म्हणजे पाच महिने. हे एकदा छापलं की आपलं लाल घड्याळ कवडीमोलाचं. आपली घाई अमाप असायला हवी, म्हणजे वाचकाला 'आज' आणि 'अजिबात नाही' यांच्या मधलं काही दिसतच नाही. इथे त्याला शनिवार दिसतो. आणि मी जे अनुभवलं ते सांगतो, शनिवार दिसलेला माणूस शुक्रवारी दोन कंपन्यांचे वेटिंग पिरियड शेजारी शेजारी ठेवून बघतो. एकीकडे मोतीबिंदूला २४ महिने, दुसरीकडे ३६. मग तो कमीवाली घेतो. ती आपली असेलच असं नाही.

तिसरा मुद्दा ऑपरेशनवाल्यांना परत पाठवण्याचा. असा माणूस आपला सगळ्यात हक्काचा गिऱ्हाईक होता. भीती त्याला आयतीच होती, ती आपल्याला विकत घ्यावी लागत नव्हती. त्याने पॉलिसी काढली असती, क्लेम नाकारला गेला असता आणि तोवर आपली मोहीम संपून पुढची सुरू झाली असती. त्याऐवजी पोरीने त्याचा हप्ता वाचवला.

मी तिला समजावून सांगितलं. म्हटलं, "अगं, लोकांना तारखा कळत नाहीत."

"सर, लोकांना गॅस सिलिंडरची तारीख कळते, पोराच्या फीची कळते. ही कशी कळणार नाही?"

अशा वेळी वरिष्ठाने अनुभवाचा आधार घ्यावा. मी घेतला. तरीही क्लायंटकडे दोन्ही मसुदे गेले, कारण कुठल्याशा नियमाने पर्याय दाखवावे लागतात. क्लायंटच्या क्लेम विभागातले एक गृहस्थ त्या मीटिंगला चुकून बसले होते. त्यांनी तिचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे वाचून घेतलेली पॉलिसी असेल तर माझ्या टेबलावरची निम्मी भांडणं होणार नाहीत. मोतीबिंदूचा क्लेम दहाव्या महिन्यात घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला काय सांगायचं असतं, ते तुम्ही एकदा येऊन सांगा." त्यांना पुढच्या मीटिंगला बोलावू नका, असा निरोप मी रीतसर दिला.

तेव्हा तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून छापण्याआधी एक तपासणी करत जा. जाहिरातीतून पेशंट काढा, बायको काढा, लाल घड्याळ काढा आणि 'उद्या' हा शब्द खोडा. उरलेल्या मजकुरात एखादी तारीख, महिन्यांचा आकडा किंवा 'तुम्हाला हे लागू नाही' असं वाक्य सापडलं तर समजा कोणीतरी कारण घुसवलंय. ते उचलून नियमावलीच्या सतराव्या पानावर न्या, अक्षर होईल तितकं बारीक करा आणि वर लिहा, 'अटी लागू'. काहीच उरलं नाही तर जाहिरात तयार आहे, आजच पाठवून द्या.