वहिनी, एक रुपया लागणार नाही

मी हॉस्पिटलच्या काउंटरवर ४४,४०० रुपयांसाठी कार्ड पुढे केलं आणि नेमक्या त्याच वेळी घरच्या ग्रुपवर भाऊजींचा मेसेज पडला : ‘दादाचा क्लेम पास! टीमवर्क!!’ खाली पुष्पगुच्छ. पाठोपाठ नणंदेच्या टाळ्या, चुलत सासऱ्यांचं ‘देवाची कृपा’, आणि काय चाललंय याचा पत्ता नसलेल्या एका आत्याबाईंच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मशीनने पिन मागितला. मी दाबला.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. नोकरी सांभाळून विम्याचं काम बघतात. ३ लाखांची ही पॉलिसी त्यांनीच आमच्या गळ्यात घातली, गणपतीत, आरती आणि प्रसादाच्या मधल्या वेळात. “वहिनी, कार्ड दाखवायचं आणि ॲडमिट व्हायचं. एक रुपया लागणार नाही.” कागदपत्रांचं काय, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, “मी आहे ना!” पॉलिसीचं तिसरं वर्ष चालू असताना ह्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. रात्री पोट धरून गेलो, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, सगळं उत्तम. खडे बाटलीत घालून दिले, ते हे अजून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. आजारपण तिथे संपलं. मग डिस्चार्ज सुरू झाला.

सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, “जा आता घरी.” ह्यांनी लगेच बूट घातले. भाऊजींनी एक फॉरवर्ड पाठवून ठेवला होता, लाल बाणांसकट : विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळालीच पाहिजे, आणि त्यापुढे उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीने सोसायचा. म्हणजे जेवायला घरी, असा मी हिशोब केला आणि सासूबाईंना कुकर लावायला सांगितला.

तळमजल्यावर जिन्याखाली क्लेमची खिडकी होती. आत एक मुलगी दोन फोन आणि एका कॉम्प्युटरशी झगडत होती. बाहेर खुर्च्यांची एक रांग, आणि त्यातल्या पंख्याखालच्या खुर्चीत चौकड्यांच्या शर्टातले एक काका. मांडीवर फाइल, फाइलमध्ये रंगीत फ्लॅप, पायाशी स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड. गाडीत शेजारचा माणूस ‘कुठपर्यंत?’ विचारतो त्या सहजतेने त्यांनी विचारलं, “कितव्या क्वेरीवर?”

“क्वेरी नाही अजून. तीन तास होत आलेत, येईलच आता मंजुरी.”

काका माझ्याकडे बघून हसले. “तीन तास कधीपासून मोजलेत?”

“डॉक्टरांनी सोडलं तेव्हापासून.”

“ते तुमचं घड्याळ, ताई. कंपनीचं घड्याळ हॉस्पिटलची विनंती तिच्याकडे पोचल्यावर सुरू होतं. आणि विनंती जायला आधी उरलेली औषधं मेडिकलला परत जायला हवीत, मग मेडिकलचं बिल बंद, मग डिस्चार्ज समरी टाइप, मग सही, मग फायनल बिल. सही करणारे डॉक्टर आत्ता ओटीत आहेत. मी बघून आलोय.”

काकांचे सासरे दुसऱ्या मजल्यावर होते, हर्नियासाठी. पण काकांचा मुक्काम इथेच. आलेल्या प्रत्येकाला ते विनामूल्य सल्ला देत, आणि खिडकीतली मुलगीही अधूनमधून काच सरकवून त्यांनाच विचारी, “काका, यांना सांगा ना जरा.”

दुपारी आमची क्वेरी आली. समरीत लिहिलं होतं, ‘चार वर्षांपासून अधूनमधून पोटदुखी’. पॉलिसी तिसऱ्या वर्षात, दुखणं चार वर्षांचं, तेव्हा आजार पॉलिसीच्या आधीपासून असल्यास खुलासा करावा. ही माहिती पुरवली कोणी? आमच्या ह्यांनी. पोटात कळा येत असताना रात्री दीड वाजता त्यांनी त्या शिकाऊ डॉक्टर पोरीला पुतणीच्या लग्नातल्या बटाटेवड्यापासून सगळा इतिहास सांगितला. तिनेही बिचारीने वडा गाळून उरलेलं लिहून घेतलं.

काकांनी समरी हातात घेतली, चष्मा वर केला. “त्या चार वर्षांत औषध काय घेत होते?”

“ओवा. कधी सोडा.”

“कोणी दिला?”

“सासूबाईंनी.”

“त्या डॉक्टर आहेत?”

“बालवाडीच्या बाई होत्या.”

“सोनोग्राफी?”

“परवा पहिल्यांदा.”

“मग सुटलात!” काकांनी मांडीवर थाप मारली. “आधीपासूनचा आजार केव्हा धरतात? पॉलिसीच्या आधीच्या छत्तीस महिन्यांत डॉक्टरने निदान केलं असेल, किंवा डॉक्टरने सल्ला, उपचार दिले असतील तर. नुसतं दुखणं म्हणजे आजार नव्हे. सासूने दिलेला ओवा तर नव्हेच. डॉक्टरने ओवा दिला असता ना ताई, तर मेला होता तुमचा क्लेम.”

लग्नापासून आजवर सासूबाईंनी वैद्यकीय पात्रता नसताना केलेल्या उपचारांबद्दल मी त्यांना पहिल्यांदाच मनोमन नमस्कार केला. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे रिक्षाने गेले. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की सदर रुग्णाने पोटदुखीसाठी आपल्याकडे कधीही उपचार घेतलेले नाहीत. ते पत्र स्कॅन होऊन गेलं आणि कंपनीचं घड्याळ बहुधा पुन्हा शून्यावर आलं. भाऊजींना फोन केला तर ते मीटिंगमध्ये. मेसेजला अंगठा आला.

वर हे बूट घालून पलंगावर बसले होते. नर्सने सलाइनची सुई काढलेली, जेवण डिस्चार्ज म्हणून बंद झालेलं, आणि साफसफाईची बाई दर अर्ध्या तासाने डोकावून “गेले का?” विचारत होती. टाके घातलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवण्यात कोणाला काहीच वाटत नव्हतं. कंपनी हॉस्पिटलकडे बोट दाखवते, हॉस्पिटल कंपनीकडे, आणि मधली ती खिडकीतली पोरगी सगळ्यांच्या शिव्या खाते.

वाट बघता बघता काकांनी माझं बिल वाचायला घेतलं. विमा कंपन्या ज्यांचे पैसे देत नाहीत अशा ६८ वस्तूंची एक ठरलेली यादी आहे; हातमोजे, मास्क, थर्मामीटर, किडनी ट्रे. काकांना ती पाठ. पेन्सिलने एकेक खूण करत त्यांनी बेरीज मांडली : ६,४००. मग आवाज खाली आणून म्हणाले, “किडनी ट्रे घेतलात का?”

“घेतलात म्हणजे?”

“घरी न्यायचा! पैसे तुम्ही भरणार, मग माल कोणाचा? मागच्या वेळी थर्मामीटर देईनात. मी म्हटलं, तसं लिहून द्या. दिला मुकाट्याने. आमच्याकडे दोन थर्मामीटर आहेत, आणि ट्रे तीन. हिच्या ॲपेंडिक्सचा एक, माझ्या मूळव्याधीचा एक, आईच्या खुब्याचा एक.”

“काय करता त्यांचं?”

“वापरतो की. स्टीलचे आहेत, दणकट. परवा व्याही जेवायला आले होते, कोशिंबीर त्यातच होती. आकार छान असतो, कडेला चमचा राहतो.”

मी विचारणार होते, कोणत्या ट्रेमध्ये. पण धीर झाला नाही.

दिवेलागणीला मंजुरी आली. बिल १,२७,४००. मंजूर ८३,०००. यादीतल्या वस्तूंचे ६,४०० मी धरूनच चालले होते. उरलेले ३८,००० खोलीने खाल्ले. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० ची मर्यादा. त्या रात्री शेअरिंगमध्ये जागा नव्हती, म्हणून ५,००० ची सिंगल मिळाली. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं होतं, “वरचा फरक तेवढा भरा.” दिवसाला २,०००, तीन दिवसांचे ६,०००, ठीक. पण फरक तेवढ्यावर थांबत नाही. तुम्ही ५,००० च्या खोलीत राहिलात आणि हक्क ३,००० चा, तर कंपनी साठ टक्के हा दर धरते आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग या सगळ्यांवर तोच लावते. आमचे हे खर्च ८०,००० चे, मिळाले ४८,०००. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, म्हणून ते २६,००० पूर्ण मिळाले. खोलीमुळे माणूस श्रीमंत दिसतो आणि सर्जनही त्याला त्याच भावाने कापतो, असं यामागचं तर्कशास्त्र.

भाऊजींना रात्री गाठलं. ते म्हणाले, “वहिनी, ते माहितीपत्रकात आहे.” आहे खरं. पीडीएफमध्ये, तक्त्यात, एका ओळीत. आणि पॉलिसी आवडली नाही तर परत करायला तीस दिवस असतात, हेही त्याच पीडीएफमध्ये. “मग खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी का नाही दिलीत?” “तिचा हप्ता जास्त असतो ना, तुम्ही घेतली नसती.” म्हणजे मी काय घेतलं असतं हे त्यांनी माझ्या वतीने ठरवलं, आणि एक रुपया लागणार नाही हेही.

जाता जाता काकांनी मात्र एक गोष्ट सांगितली होती : “या हॉस्पिटलचं दरपत्रक मागा. खोलीप्रमाणे जो दर बदलत नाही, त्यावर अशी कपात करता येत नाही.” मी दुसऱ्या दिवशी मागितलं. आधी नाही म्हणाले, मग साहेब जेवायला गेले, मग मिळालं. सर्जनची फी खोलीप्रमाणे वेगळी. पण ओटीचे २५,००० शेअरिंगला तेवढेच, सिंगललाही तेवढेच. म्हणजे त्यातले कापलेले १०,००० बेकायदा. कंपनीच्या तक्रार विभागाला दरपत्रकासकट ईमेल केला, आणि खाली लिहिलं की महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाईन. त्यांचं कार्यालय नारायण पेठेत आहे, मला बसने सोयीचं पडतं.

परवा उत्तर आलं. १०,००० जमा. दिलगिरी नाही, ‘सद्भावनेपोटी पुनर्विचार’ असा शब्द. सर्जनच्या फीमधले कापलेले गेले ते गेले. भाऊजींनी ग्रुपवर पुन्हा टाकलं, ‘पाठपुरावा करावा लागतो’. मला खाजगीत नूतनीकरणाचा आकडा पाठवला, या वेळी वाढलेला.

आणि दरपत्रकाची शिक्क्यासह प्रत द्यायचे हॉस्पिटलने माझ्याकडून २०० रुपये घेतले. पावती दिली. प्रमाणपत्राचं शुल्क त्या ६८ च्या यादीत येतं, ते कोणी देत नाही.